बसमध्ये राहिलेली मीराबाईंची वही

दुसऱ्याचं ओझं दिसलं की स्वतःच्या हातात काय आहे ते विसरायचं, हा मीराबाई तांबेंचा जन्माचा रोग होता. त्यावर औषध नव्हतं आणि असतं तरी त्यांनी घेतलं नसतं. चाळीत कुणाची बादली जिन्यावर दिसली की यांचा हात तिच्या कडीला गेलाच. तेव्हा त्या सोमवारी बसमध्ये जे झालं, ते एक ना एक दिवस होणारच होतं.

गिरण्यांच्या संपाला तिसरं वर्ष लागलं होतं. म्हणजे संप तसा कधीच विरून गेला होता, पण तो संपला असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांना गिरणीने परत बोलावलं ते कामाला लागले, ज्यांना बोलावलं नाही ते गॅलरीत बसले. मीराबाईंचा नवरा, सव्वीस वर्षं साच्यावर उभा राहिलेला विणकर, गॅलरीतल्यांपैकी. मीराबाईंनी माटुंग्याला दोन घरची धुणीभांडी धरली. सकाळी परळहून बसने जायचं, दुपारी तीनच्या सुमाराला अँटॉप हिलवरून येणारी बस धरून परत यायचं. आणि मधला एक तास, दोन घरचं काम आटपल्यावरचा, त्या कुणाला हिशेब न देता खर्च करत.

त्या स्वतः ‘अडीच घरं’ म्हणायच्या, उरलेलं अर्धं घर म्हणजे साक्षरतेचा वर्ग. माटुंग्याच्या एका हॉलच्या व्हरांड्यात सुमेधा नावाची कॉलेजातली मुलगी कामकरी बायकांना शिकवायची. मीराबाई तिथे गेल्या त्या पाय दुखत होते म्हणून, बसायला सतरंजी होती म्हणून. आठ महिन्यांत त्या लिहायला लागल्या. त्यांची लिहिण्याची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. सगळे जण आधी अक्षर काढतात आणि मग त्यावर रेघ ओढतात. मीराबाई आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक रेघ ओढायच्या आणि मग तिला एकेक अक्षर टांगायच्या, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. सुमेधाने दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. अक्षर वाचता येत होतं, आणखी काय पाहिजे.

वर्गाचं घरी माहीत होतं. वहीत काय आहे, ते माहीत नव्हतं.

मीराबाईंची आई खेडजवळच्या गावी वारली त्याला दीड वर्ष झालं होतं. म्हातारीला शे-सव्वाशे ओव्या येत. जात्यावर बसली की आपल्या आपण जोडायची. त्यातली एकही कुठे लिहिलेली नव्हती, कारण त्या घरात लिहिणारं कुणी नव्हतं. ‘दळण दळूनी बाई, हाताला आले फोड, लेकीच्या गं हाताला लाभो अक्षरांची जोड’ ही त्यातलीच एक. जोड मिळाली, पण आई गेल्यावर. अक्षर हाती आल्याबरोबर मीराबाईंनी आठवतील तशा ओव्या उतरवायला घेतल्या. त्रेसष्ट झाल्या होत्या. आणि गंमत अशी, की एकदा वहीत लिहिली की ती ओवी त्यांच्या डोक्यातून जायची, जणू ठेवायला जागा मिळाली म्हणून डोक्याने हात झटकले. आता ती वहीच बसमध्ये राहिली.

झालं ते असं. परळला उतरताना एका बाईच्या दोन्ही हातांत बोचकी होती आणि तिचं पोर दांड्याला धरून रडत होतं. मीराबाईंनी पोर उचललं, कडेवर घेतलं, खाली उतरवून आईच्या हवाली केलं, गालाला हात लावला. बस सुटली. खांद्याला हात गेला तेव्हा पिशवी नव्हती. मागून हाका मारल्या, पण बसवाल्याला कुठल्या ऐकू जाणार.

पिशवीत होता जेवणाचा डबा, कामाला नेसायचं जुनं लुगडं आणि वही. डब्याचं आणि लुगड्याचं दुःख त्यांनी चाळीच्या जिन्यापर्यंत केलं. वहीचं दुःख जिना चढून घरात आलं आणि रात्री जेवायला बसलं तरी उठेना. आई दुसऱ्यांदा वारल्यासारखं वाटत होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरला विचारलं. कालचा कंडक्टर तो नव्हता. पण माणूस भला होता. त्याने सांगितलं, की बसमध्ये सापडलेली वस्तू ड्युटी संपल्यावर डेपोत जमा करावी लागते, तिथून ती हरवलेल्या वस्तूंच्या विभागात जाते. तिकडे अर्ज द्या. कालचं तिकीट आहे का?

तिकीट होतं. मीराबाई बसचं तिकीट नेहमी दोन बांगड्यांच्या मध्ये खोचायच्या, आणि कालपासून बांगड्यांकडे बघायचं त्यांना भानच नव्हतं. भिजून मऊ झालेलं ते कागदाचं चिटोरं त्यांनी काढून दाखवलं. कंडक्टर म्हणाला, हे जपा. कुठल्या कंडक्टरने कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत तिकिटं फाडली ते रोजच्या रोज लिहिलेलं असतं, नंबरावरून बस सापडते.

अर्ज म्हटल्यावर मीराबाईंना घरचं माणूस आठवलं. कारण अर्जांच्या बाबतीत त्यांचा नवरा चाळीतला वकील होता. अक्षर मोत्याचं, चौथी पास, आणि कुठल्या साहेबाला काय म्हणून संबोधायचं ते तोंडपाठ. संप चालू असताना आणि त्यानंतर त्याने गिरणीला, युनियनला, सरकारी कचेऱ्यांना एकेचाळीस पत्रं लिहिली होती. प्रत्येकाची कार्बन लावून नक्कल काढली होती. प्रत्येकाच्या शेवटी ‘लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत’ असं लिहिलं होतं. नकला पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. उत्तर एकाचंही नव्हतं.

मीराबाईंनी संध्याकाळी विषय काढला. तो गॅलरीत बसला होता. ऐकून घेतलं, खाली रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, “पत्राला उत्तर येत नसतं गो. कागद फुकट घालवू नको.”

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मीराबाईंनी त्याला पुरेसं ऐकवलं असतं. ज्या माणसाने एकेचाळीस वेळा वाट बघितली, त्याला बेचाळिसाव्या वेळी बघायला सांगणं त्यांच्या जिवावर आलं. त्या आत गेल्या, तांदूळ निवडले, आणि तांदूळ निवडता निवडता ठरवलं की आपणच लिहायचं.

बुधवारी वर्गात त्यांनी सुमेधाला सांगितलं. सुमेधा म्हणाली, मावशी, मी देते लिहून. मीराबाई नको म्हणाल्या. वही माझ्या हाताची, तर अर्जही माझ्या हाताचा. सुमेधाने फक्त काय काय यायला हवं ते सांगितलं: तारीख, वेळ, कुठून कुठे, तिकिटाचा नंबर, पिशवी कशी, आत काय, आणि शेवटी काय मागायचं ते स्पष्ट. तास संपला, बाकीच्या बायका उठल्या, व्हरांडा झाडून झाला, तरी मीराबाई रेघा ओढून अक्षरं टांगत होत्या.

अर्ज असा होता:

“हरवलेल्या वस्तूंचे साहेब यांस,

मी मीराबाई तांबे, राहणार परळ. सोमवारी दुपारी तीनच्या पुढे माटुंग्याहून परळला आले. बस अँटॉप हिलवरून आलेली होती. मी खालच्या मजल्यावर, बायकांच्या सीटवर होते. तारीख, तिकिटाचा नंबर आणि चाळीचा पत्ता कागदाच्या मागे लिहिला आहे. एका बाईचे मूल उतरवून दिले आणि माझी पिशवी राहिली. चूक माझी आहे. पिशवी खाकी कापडाची, बंद निळा. आत डबा, लुगडे आणि गाण्यांची वही. डबा व लुगडे नाही मिळाले तरी चालेल. वहीत माझ्या आईची गाणी आहेत, ती दुसरीकडे कुठे नाहीत. तरी शोध करावा आणि काय झाले ते मला लिहून कळवावे. नाही सापडली तरी लिहून कळवावे.

मीराबाई तांबे”

शेवटचं वाक्य सुमेधाने सांगितलं नव्हतं. ते घरून आलं होतं.

पाकीट पेटीत पडलं. त्यानंतर मीराबाईंनी ते कुणाजवळ काढलं नाही, फक्त पोस्टमनची वेळ झाली की त्या दाराशी काही ना काही काम काढायच्या. नवऱ्याला ते दिसत होतं. त्या दाराशी उभं राहणं त्याच्या फार ओळखीचं होतं, म्हणून त्याला ते बघवतही नव्हतं. एकदा तर तो उठून चपला घालून उगाच लालबागपर्यंत चालून आला.

दहाव्या दिवशी पोस्टमनने तांब्यांच्या दारात हाक मारली. सवयीने नवऱ्याने हात पुढे केला. पोस्टमनने पाकीट पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “बाईंच्या नावचं आहे.”

त्या घरात रेशनकार्ड, भाड्याची पावती, विजेचं बिल, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्याच्या नावाने यायचं. चाळीत मीराबाईंना मीराबाई म्हणणारी चार माणसं नसतील. त्या तांबेवहिनी नाहीतर काकी. पाकिटावर टाइप केलेलं होतं, सौ. मीराबाई तांबे. मीराबाईंनी हात पदराला पुसले आणि ते घेतलं. वाचायला त्यांना वेळ लागला, आणि त्याने मध्ये तोंड घातलं नाही, यातच त्याचं मोठेपण समजावं.

पत्रावर जावक क्रमांक होता, तारीख होती, खाली शामराव नावाच्या लिपिकाची सही होती. मजकूर सरकारी थाटाचा, पण समजणारा. आपण कळविलेल्या तिकीट क्रमांकावरून संबंधित वाहकाच्या त्या दिवशीच्या नोंदी पाहिल्या. त्या वाहकाने त्याच दिवशी एक खाकी पिशवी जमा केली असून ती या विभागात आहे. डब्यातील अन्न नियमाप्रमाणे टाकून देण्यात आले. मात्र पिशवीतील वहीवर आपले नाव नसून दुसऱ्या व्यक्तीचे नाव आहे. तरी रेशनकार्ड घेऊन कामाच्या वेळेत समक्ष यावे व वस्तूची ओळख पटवून द्यावी.

“लिहून कळवलं,” नवरा म्हणाला. पिशवी सापडली हे त्याच्या पुढे केव्हातरी ध्यानात आलं. त्याने पत्र हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, जावक क्रमांकावरून बोट फिरवलं. मग विचारलं, की वहीवर दुसऱ्या कुणाचं नाव आहे.

मीराबाई म्हणाल्या, असेल काहीतरी, आणि चहा ठेवायला वळल्या. चहा नुकताच झाला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. डेपोच्या मागच्या अंगाला विभाग होता, लाकडी काउंटर, पलीकडे छतापर्यंत रॅक. रॅकवर छत्र्यांचे भारे, डबे, पिशव्या, एक तबला, एकाच पायाची चप्पल. शामराव पन्नाशीचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणारा गृहस्थ. त्याने पत्र बघितलं, मीराबाईंचा अर्ज फाइलीतून काढला, रॅकवरून खाकी पिशवी आणली आणि काउंटरच्या खाली ठेवली. दिसेल अशी, पण हाताला लागणार नाही अशी. रेशनकार्ड त्याने घेतलं, न उघडता बाजूला सरकवलं. आधी तुम्ही सांगायचं, मग मी कागद बघायचा, असा त्याचा रिवाज होता. लोक दुसऱ्याच्या वस्तू आपल्या म्हणून सांगायला येतात हे त्याने वीस वर्षं बघितलं होतं.

पिशवीचा बंद, डब्याचा पोचा, लुगड्याचा रंग, सगळं मीराबाईंनी बरोबर सांगितलं. मग शामरावाने विचारलं, की वहीवर नाव कोणाचं आहे.

मीराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

नवऱ्याला वाटलं, बायको घाबरली. तो पुढे झाला आणि म्हणाला, शिकवणाऱ्या ताईंचं असेल, सुमेधा म्हणून आहेत. शामरावाने मान हलवली. ते नव्हे. आणि तुम्ही सांगू नका, बाईंना सांगू द्या, वही त्यांची आहे ना.

आता हा पेच कुणाला सांगावा. अक्षरं जुळवता यायला लागल्यावर नवी वही हातात आली तेव्हा तिच्या पुठ्ठ्यावर छापलेलं होतं, ‘नाव’. आणि नाव म्हटलं की घरधन्याचं, हे मीराबाईंना इतकं ठाऊक होतं की त्यांनी दुसरा विचारच केला नाही. प्रत्येक कागदावर त्याचंच असतं, तर इथेही त्याचंच. पण तेवढंच नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी नवऱ्याचं नाव एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं. बुद्धविहारात जायला लागून किती वर्षं झाली, देव्हारा गेला, उपासतापास गेले, पण नाव काही ओठावर येईना. अवो, ऐकलंत का, हे, आमच्या घरातले. हातात पेन्सिल आली आणि कळलं की बोलायचं नाही ते लिहिता येतं. लिहायला कुणाची बंदी नव्हती. पुठ्ठ्यावर लिहिलं ते पहिलं, आणि मग शेवटच्या पानांवर, सरावाच्या नावाखाली, कितीतरी वेळा.

“बाई, नाव सांगितल्याशिवाय मला देता येत नाही,” शामराव म्हणाला. आवाज नरम होता, पण नियम तो नियम.

मीराबाईंनी काउंटरकडे बघितलं, छताकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. पिशवीत आई होती. शेजारी नवरा उभा. त्याच्याकडे त्या बघूच शकत नव्हत्या.

“लिहून दाखवलं तर चालंल का?” त्यांनी विचारलं.

शामरावाने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. मीराबाईंनी कागद सरळ केला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढली. तिला पहिलं अक्षर टांगलं, मग दुसरं, मग तिसरं.

शामरावाने अक्षरं वाचली नाहीत. त्याने ती रेघ बघितली. अर्ज आला त्या दिवशीच त्याच्या मनात ही गोष्ट आली होती. वही काढून शेजारी ठेवली होती आणि दोन्हीकडे तीच कपड्यांची दोरी बघून तो एकटाच हसला होता. अर्ज दुसऱ्या कुणाकडून, चांगल्या वळणदार अक्षरात लिहून आणला असता, तर नाव जुळत नाही म्हणून ही वही रॅकवरच पडून राहिली असती. त्याने पिशवी उचलून काउंटरवर ठेवली, वही बाहेर काढली, कागदाला लावून धरली आणि आता रेशनकार्ड उघडलं.

“बुधाजी लखू तांबे,” त्याने मोठ्याने वाचलं. “हे कोण?”

“मी,” बुधाजी म्हणाला. तो वहीच्या पुठ्ठ्याकडे बघत होता.

मीराबाईंनी वही छातीशी धरण्याआधी पानं चाळली, त्रेसष्टच्या त्रेसष्ट आहेत का बघायला. पानं चाळताना शेवटची पानं आपोआप उघडी पडली. ओळीवर ओळ, बुधाजी, बुधाजी, बुधाजी, सगळे एकाच दोरीवर. त्यांनी झटकन वही मिटली, पण विणकराची नजर. सुताचा एक तुटका धागा ज्याला दहा हातांवरून दिसतो, त्याला हे दिसायचं राहिलं असेल काय. शामरावाने रजिस्टर पुढे केलं, ‘वस्तू मिळाली’ या रकान्यात सही करायला. तिथे मात्र मीराबाईंनी स्वतःचं नाव लिहिलं, रेघ आधी आणि अक्षरं मागून.

परतीच्या बसमध्ये पिशवीचा बंद मीराबाईंनी मनगटाला दोनदा गुंडाळला होता. बुधाजीने तिकीट काढलं आणि त्यांच्या बांगड्यांमध्ये स्वतःच्या हाताने खोचलं. सव्वीस वर्षांत असलं काही त्याने चारचौघांत केलं नव्हतं. मीराबाईंना लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते त्यांचं त्यांना माहीत.

संध्याकाळी त्याने ट्रंक उघडली. बस कंपनीचं पत्र एकेचाळीस नकलांच्या वर ठेवलं. झाकण मात्र लावलं नाही. त्याने दोन कोरे कागद आणि कार्बन काढला. मीराबाई चुलीपाशी होत्या. त्याने त्यांना बोलावलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवले.

“गिरणीला लिहायचं हाय,” तो म्हणाला. “मी सांगतो, तू लिही. माझ्या पत्राला कोण उत्तर देत नाय.”

मीराबाई म्हणाल्या, माझं अक्षर कसलं, साहेब हसतील. तो म्हणाला, हसू देत, हसायला तरी वाचावं लागेल. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि त्याच्या लांबलचक वाक्यांतून मीराबाईंनी आपल्याला जमतील तेवढीच घेतली. सव्वीस वर्षं काम केलं. हजेरी चांगली. घेणार असाल तर घ्या. घेणार नसाल तरी लिहून कळवा. त्याला हवं ते सगळं त्यात होतं, आणि इतकं थोडं होतं की त्याचे डोळे भरून आले.

खाली नावाची जागा आली. मीराबाईंनी रेघ ओढली आणि थांबल्या.

“कोणाचं लिहू?”

“तुला जे बोलता येत नाय, ते,” बुधाजी म्हणाला.

आणि मीराबाईंनी त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे न बघता, ते लिहिलं.